आजीचा तानपुरा

गौरीच्या साताऱ्यातील घरात, माजघराच्या कोपऱ्यात, गवसणीत गुंडाळलेला एक जुना तानपुरा उभा असे. आजी गल्लीतल्या भजनी मंडळात गात असे, म्हणून तो तिचाच असणार, असे घरातील सगळे धरून चालले होते. आजीला जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी आजोबा दर खंडेनवमीला गवसणी उतरवून तानपुरा स्वतः पुसत आणि त्याला हळदकुंकू वाहत. दुसऱ्या कोणालाही ते हात लावू देत नसत.

त्या वर्षी गौरीने गाण्याचा क्लास लावला आणि तिला तानपुऱ्याची गरज भासू लागली. कोपऱ्यातल्या तानपुऱ्याच्या दोन तारा तुटल्या होत्या आणि उरलेल्या दोन गंजल्या होत्या. "मिरजेला घेऊन जा," आजोबा म्हणाले. जुनी गोधडी आणून त्यांनी तानपुरा नीट गुंडाळला आणि भोपळ्याला धक्का लागू देऊ नकोस, असे तिला पुन्हा पुन्हा बजावले.

रविवारी सकाळी गौरी माहुलीच्या स्टेशनवर रेल्वेत बसली. तानपुरा तिने सबंध प्रवासभर मांडीवर आडवा धरला होता. कराड गेले, किर्लोस्करवाडी गेली, सांगलीला निम्मा डबा रिकामा झाला आणि थोड्याच वेळात मिरज आले.

मिरजेत सतार आणि तानपुरा बनवणाऱ्या कारागिरांची एक गल्लीच आहे. पूर्वी तलवारी आणि भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इतके नाव झाले, तरी दुकाने अजून लहानच आहेत. गौरी ज्या दुकानात शिरली, तिथे पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले होते आणि जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला होता.

म्हाताऱ्या कारागिराने गोधडी सोडली, भोपळ्यावर बोटाने टकटक करून आवाज ऐकला आणि दांडीवरून हात फिरवला.

"चाचा, दुरुस्त होईल ना?" गौरीने काळजीने विचारले.

"होईल की! लाकूड उत्तम आहे. कोणाचा हा?"

"माझ्या आजीचा."

चाचांनी भोपळा पुन्हा एकदा निरखून पाहिला. "आजींचा आवाज ढाला होता का?"

"छे! चांगला बारीक होता. भजनात सगळ्यांच्या वर ऐकू यायचा."

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी कानस घेतली आणि घोडीचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. मध्येच थांबून ते तार छेडत, कान जवळ नेत आणि पुन्हा घासत. मग त्यांनी सुताचा एक बारीक धागा तारेखाली, घोडीवर सरकवला. तो केसभर पुढे गेला तेव्हा इतका वेळ ठोकळ्यासारखा येणारा आवाज अचानक उलगडला आणि त्या एकाच तारेतून कितीतरी स्वर घुमू लागले. याला जवारी काढणे म्हणतात, आणि हे काम यंत्राला नव्हे, कानाला येते. गौरी श्वास रोखून ऐकत राहिली.

"आता नव्या तारा चढवतो," चाचा म्हणाले. "पण पट्टी कोणती? त्याप्रमाणे तारांची जाडी ठरते. बायकांची पट्टी उंच असते, काळी चार, काळी पाच. त्यांचा तानपुरा लहान असतो आणि तारा बारीक लागतात. या तानपुऱ्याचा भोपळा तर मोठा आहे, आणि ज्या तारा उरल्या आहेत त्याही जाड आहेत. म्हणून म्हणतो, आधी घरी विचारून घे."

गौरीने आजोबांना फोन लावला.

"आजोबा, तानपुरा छान वाजायला लागला आहे. चाचा पट्टी विचारत आहेत. आजी कोणत्या पट्टीत गायची, तुम्हाला आठवतं का?"

पलीकडून क्षणभर काहीच उत्तर आले नाही. मग आजोबांनी घसा खाकरला.

"आजीची पट्टी कशाला हवी? तिनं त्या तानपुऱ्याला कधी हातसुद्धा लावला नाही. तो माझा आहे. काळी एकमध्ये लावायला सांग, आणि येताना तुझ्यासाठी एक लहान तानपुरा बघून ये."