गच्चीवर डिश अँटेना बसवण्यास व केबल ओढण्यास परवानगी मिळणेबाबत घरमालकांना पत्र

सौ. वैशाली सुनील शिंदे
तळमजला, निकम निवास,
मंगळवार पेठ, सातारा

दिनांक : २९ सप्टेंबर २०२५

प्रति,
श्री. माधवराव निकम
कर्वेनगर, पुणे

विषय : निकम निवासाच्या गच्चीवर डिश अँटेना बसवण्यास व तिथून तळमजल्यापर्यंत केबल आणण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्यातील भाडेकरारनामा, कलम ९.

आदरणीय निकमसाहेब यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही राहत असलेल्या तळमजल्यावरील घरासाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्यावी असा आमचा विचार आहे. त्यासाठी गच्चीवर एक लहान डिश बसवावी लागेल आणि तिची केबल बाहेरच्या भिंतीवरून खाली आणावी लागेल. करारनाम्यातील कलम ९ प्रमाणे इमारतीच्या कोणत्याही भागात खिळा ठोकण्यापूर्वी किंवा जोडकाम करण्यापूर्वी आपली लेखी संमती आवश्यक आहे. त्या संमतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आता फारशा घराबाहेर पडत नाहीत. सकाळची कीर्तने आणि सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या हा त्यांच्या दिवसाचा मोठा आधार आहे. मोबाइलवर कार्यक्रम पाहणे त्यांना जमत नाही आणि तसा आग्रह धरणेही मला योग्य वाटत नाही. गल्लीतील केबलची सेवा वरचेवर बंद पडते, आणि पाहायच्या असतात त्या मोजक्या वाहिन्यांसाठी दरमहा पैसे भरत राहणे आम्हाला परवडत नाही. फ्री डिशला मासिक वर्गणी नसते. डिश, सेट-टॉप बॉक्स आणि बसवण्याची मजुरी एवढाच एकदाचा खर्च येतो.

डिश आमच्याच गॅलरीत का बसवत नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तंत्रज्ञांना बोलावून आम्ही प्रथम तीच जागा दाखवली होती. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून होते, त्यामुळे साताऱ्यात डिशचे तोंड आग्नेयेला ठेवावे लागते. आमची गॅलरी उत्तरेकडे आहे आणि पूर्वेच्या खिडकीसमोर शेजारची तीन मजली इमारत आहे. गच्चीवरून मात्र ती दिशा मोकळी मिळते. अजिंक्यतारा दक्षिणेला असला तरी उपग्रह क्षितिजापासून सुमारे साठ अंश उंचीवर असल्यामुळे डोंगराचा अडथळा होत नाही.

गच्चीचे नाव निघताच आपल्याला गळतीची काळजी वाटणार, हे मी जाणून आहे. गेल्या उन्हाळ्यात आपण स्वतः उभे राहून स्लॅबचे वॉटरप्रूफिंग करून घेतले, आणि या पावसाळ्यात वरच्या खोल्यांच्या छताला ओलीचा डागसुद्धा पडलेला नाही. त्या कामाला यत्किंचितही धक्का लागेल अशी जागा मी मागणार नाही. म्हणून स्लॅबला किंवा कठड्याच्या माथ्याला कोठेही भोक न पाडता, जिना जिथे गच्चीवर निघतो त्या खोलीच्या पूर्वेकडील भिंतीवर, जमिनीपासून साधारण सहा फुटांवर लोखंडी ब्रॅकेट बसवावे असे ठरवले आहे. या भिंतीत चार फास्टनर बसतील. प्रत्येक भोकात सीलंट भरून वरून सिमेंटचा हात फिरवला जाईल. ती भिंत विटांची आहे आणि तिच्या आत फक्त जिना आहे, राहती खोली नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे डिशला जिन्याच्या खोलीचाच आडोसा मिळेल आणि ब्रॅकेटवर वाऱ्याचा ताण कमी येईल. डिशचा व्यास सुमारे ६० सेंटीमीटर असून ती डोक्याच्या वर राहील. उन्हाळ्यात सौ. काकू सांडगे-पापड वाळत घालतात ती पश्चिमेची बाजू आणि पाण्याच्या टाकीकडे जाण्याची वाट, दोन्ही पूर्ण मोकळ्या राहतील.

भिंतीत फास्टनर मारणेही आपल्याला नको असेल, तर जमिनीवर नुसते ठेवायचे वजनदार स्टँड मिळते. त्याच्या पायावर सिमेंटचे ठोकळे ठेवावे लागतात. त्याखाली रबराची चटई घालून आम्ही तसेही करू. परंतु वॉटरप्रूफिंगवर कायमचे ओझे राहणे आणि त्याखाली पाणी साचणे मला भिंतीतल्या चार भोकांपेक्षा अधिक धोक्याचे वाटते, म्हणून माझी पसंती भिंतीलाच आहे.

केबल मागील बाजूच्या पावसाच्या पाइपाला लागून सरळ खाली येईल. तिची लांबी सुमारे १८ मीटर भरते. ती काळ्या रंगाची, उन्हापावसात टिकणारी आरजी-६ केबल असेल. आपल्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून ती जाणार नाही. भिंतीला खिळे न ठोकता पाइपाला पट्ट्यांनी बांधून ती आणता येते. आमच्या बैठकीच्या खोलीत शिरण्यासाठी नवे भोक पाडावे लागणार नाही, कारण झरोक्याच्या लाकडी चौकटीत जुन्या अँटेनाच्या वायरचे भोक आजही आहे, फक्त ते रंगाने बुजले आहे. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोक देऊन मग ती वर वळवून आत घेतली जाईल, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी चौकटीत न मुरता बाहेरच ठिबकेल. वळवाच्या पावसात विजा होतात हे लक्षात घेऊन ब्रॅकेटला अर्थिंगची तार जोडून ती मीटरपेटीजवळच्या अर्थिंगपर्यंत नेण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेईन.

साहित्य आणि मजुरी मिळून सुमारे २,६०० रुपये खर्च येईल. तो सर्वस्वी आमचा राहील आणि त्यापोटी भाड्यातून कोणतीही वजावट मागणार नाही. या कामामुळे भिंतीत ओल आली किंवा काही मोडतोड झाली, तर दुरुस्ती आम्ही करून देऊ. न केल्यास तो खर्च अनामत रकमेतून कापून घेण्यास माझी संमती समजावी. घर सोडताना डिश, ब्रॅकेट व केबल काढून, भोके बुजवून, तेवढ्या भागाला रंग देऊन भिंत पूर्ववत करून देऊ. ती तशीच ठेवावी असे आपल्याला त्या वेळी वाटले, तर ब्रॅकेट व केबल विनामूल्य ठेवून जाऊ. या परवानगीमुळे गच्चीच्या वापराचा कोणताही वेगळा हक्क आम्हाला मिळाला असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

दिवाळीपूर्वी, रविवार दि. १२ ऑक्टोबर रोजी सकाळी काम करावे असे तंत्रज्ञांनी सुचवले आहे. दोन-तीन तासांत ते पूर्ण होईल. गच्चीची किल्ली आपल्या बंधूंकडे असते. आपण त्यांना कळवल्यास त्यांच्या समक्षच काम करून घेऊ. आपण स्वतः त्या सुमारास साताऱ्याला येणार असाल, तर आपल्या सोयीचा दिवस ठरवणे मला अधिक आवडेल.

जागेची छायाचित्रे, केबलच्या मार्गाचा हाताने काढलेला आराखडा आणि तंत्रज्ञांचे खर्चाचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. पत्राच्या दोन प्रती पाठवत आहे. संमती असल्यास, आणि काही अटी घालायच्या असल्यास त्या लिहून, एका प्रतीवर सही व तारीख घालून ती ८ ऑक्टोबरपर्यंत परत पाठवावी, ही विनंती. आपली लेखी संमती हाती येईपर्यंत कोणतेही काम सुरू करणार नाही.

सौ. काकूंना सासूबाईंचा व माझा नमस्कार सांगावा.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. वैशाली सुनील शिंदे

सोबत : १) जागेची छायाचित्रे २) केबलच्या मार्गाचा आराखडा ३) खर्चाचे अंदाजपत्रक ४) पत्राची दुसरी प्रत