विहिरीत ब्लीचिंग पावडर किती आणि कशी घालावी (दुरुस्त केलेला मजकूर, 11 जून)

दुरुस्ती, 11 जून: 8 जूनच्या मजकुरातलं विहिरीच्या पाण्याचं गणित चुकलं होतं. व्यासाचा वर्ग करून 4 ने भागायचं राहिलं, त्यामुळे पावडरीचं प्रमाण चौपट आलं. 2 मीटर व्यास आणि 3 मीटर पाण्याच्या विहिरीला 94 ग्रॅम लिहिलं होतं. बरोबर आकडा 24 ग्रॅम. चूक आमची. डिचोलीच्या एका वाचक ताईंनी ती लक्षात आणून दिली, त्यांचे आभार.

जुन्या आकड्याने पावडर घातली असेल तर: ते पाणी आज पिऊ नका, त्यात स्वयंपाकही करू नका. जमेल तितकं पाणी उपसा, विहीर 24 तास उघडी राहू द्या आणि मग क्लोरीन तपासा. 1 मि.ग्रॅ. प्रति लिटरपेक्षा कमी आलं की वापर सुरू करा, जास्त आलं तर आणखी एक दिवस थांबा. विहिरीत गप्पी मासे असतील तर मेलेले काढून टाका. पावडर पुन्हा लगेच घालू नका.

खाली बदललेले आकडे खोडून शेजारी नवे दिले आहेत. कृती, थांबण्याचा वेळ आणि तपासणी यांत बदल नाही.

---

पाणी किती आहे ते आधी मोजा

विहिरीचा आतला व्यास कठड्यावर नव्हे, पाण्याच्या पातळीवर किती आहे ते बघा. चिऱ्यांनी बांधलेल्या जुन्या विहिरी खाली बऱ्याचदा अरुंद होतात आणि वरच्या मापाने पाणी उगाच जास्त धरलं जातं. दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या.

पाण्याची उंची मोजायला दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा. दोरी वर घेतल्यावर जितका भाग ओला दिसेल तितकी पाण्याची उंची. पोहऱ्याची दोरी आधीच ओली असते, म्हणून वेगळी कोरडी दोरी घ्या. हे माप पावडर घालायच्या दिवशीच घ्यायचं. जून लागल्यावर जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर वर येतं, मे महिन्यातलं माप आता उपयोगाचं नाही.

मापं मीटरमध्ये धरून गणित असं:

~~3.14 × व्यास × व्यास × पाण्याची उंची × 1000 = लिटर~~
3.14 × व्यास × व्यास × पाण्याची उंची ÷ 4 × 1000 = लिटर

व्यास 2 मीटर, पाणी 3 मीटर: ~~37,680~~ 9,420 लिटर.

ताज्या, 33 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. म्हणजे या विहिरीला ~~94 ग्रॅम~~ 24 ग्रॅम.

नेहमीच्या मापांच्या विहिरींना दर एक मीटर पाण्यामागे लागणारी पावडर:

| व्यास | एक मीटरमधलं पाणी | पावडर |
|---|---|---|
| 1.5 मीटर | ~~7,065~~ 1,766 लिटर | ~~18~~ 4.4 ग्रॅम |
| 2 मीटर | ~~12,560~~ 3,140 लिटर | ~~31~~ 8 ग्रॅम |
| 2.5 मीटर | ~~19,625~~ 4,906 लिटर | ~~49~~ 12.3 ग्रॅम |
| 3 मीटर | ~~28,260~~ 7,065 लिटर | ~~71~~ 17.7 ग्रॅम |

पावडर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकची पिशवी ठेवून तोला. चमच्याने घेऊ नका. पावडर दमट झाली की चमच्यात कमीजास्त बसते, आणि इथे पाच-दहा ग्रॅमनेही फरक पडतो.

पावडर जुनी असेल तर

उघडं पाकीट पावसाळ्यात पडवीत राहिलं की क्लोरीन उडून जातं आणि मागे चुना उरतो. गोळे झालेली, वास मंदावलेली पावडर विहिरीसाठी वापरू नका. जास्त घालून भरपाई करायची म्हटलं तरी किती जास्त, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पाकिटावर 25 टक्के लिहिलेलं असेल आणि ते नुकतंच फोडलेलं असेल, तर 1000 लिटरला 3.3 ग्रॅम घ्या.

घालायची कृती

रात्री शेवटचं पाणी काढून झाल्यावर घालणं सोयीचं, सकाळपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. डास होऊ नयेत म्हणून गप्पी सोडलेले असतील तर ते आधी जाळीने काढून विहिरीच्याच पाण्याच्या पिंपात ठेवा. बरोबर प्रमाणातलं क्लोरीनही त्यांना सोसत नाही.

तोललेली पावडर प्लास्टिकच्या बालदीत घ्या. एका बालदीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोडं पाणी घालून लापशीसारखी कालवा, गुठळ्या मोडा, मग बालदी पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बालदीत ओतून घ्या आणि तळचा चुना टाकून द्या. तो विहिरीत गेला की पाणी जड होतं.

निवळीची बालदी दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवत राहा. वरून नुसतं ओतलं तर क्लोरीन वरच्या थरातच राहतं आणि पंपाचा फुटव्हॉल्व्ह खालचं पाणी ओढतो. घरात पंप असेल तर नळ सोडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी जाऊ द्या, मग बंद करा, म्हणजे नळीही स्वच्छ होते.

त्यानंतर किमान एक तास पाणी काढायचं नाही.

हातमोजे घाला, तोंडावर फडकं बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करून काम करा. संडास धुवायचं ॲसिड ज्या बालदीत घेतलं असेल ती बालदी इथे वापरू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तपासणी

एका तासानंतर क्लोरीन 0.5 मि.ग्रॅ. प्रति लिटर तरी उरलेलं हवं. क्लोरोस्कोपमध्ये ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातल्यावर येणारा पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पट्टीशी जुळवा. उशिरा बघितलं तर इतर घटकांमुळे रंग गडद होतो आणि क्लोरीन जास्त असल्याचा भास होतो. डीपीडी गोळीच्या किटमध्ये रंग गुलाबी येतो.

आकडा कमी आला तर गणित बरोबर असूनही क्लोरीन कुठेतरी खर्च होतंय. जांभ्याच्या भागात याचं नेहमीचं कारण लोह. क्लोरीन लागताच पाणी तांबूस होतं आणि तळाला गाळ बसतो. दुसरं कारण पहिल्या पावसाचा गढूळपणा. गढूळ पाण्यात पावडर घालू नका, ते निवळेपर्यंत थांबा आणि तोवर पिण्याचं पाणी उकळा. पाणी स्वच्छ असूनही आकडा 0.5 च्या खाली राहिला, तर ठरलेल्या मात्रेच्या निम्मी पावडर आणखी घालून एका तासाने पुन्हा तपासा.

दर वेळी दोन दिवसांत क्लोरीन शून्यावर येत असेल तर शोषखड्डा किती अंतरावर आहे ते बघा. तो विहिरीपासून 15 मीटरच्या आत असेल, किंवा विहिरीपेक्षा उंचावर असेल, तर पाण्याचा नमुना जंतुतपासणीला द्या. जांभा सच्छिद्र असतो, पावसात सांडपाणी त्यातून सहज झिरपतं.

चवथीला घरी माणसं वाढतात आणि उपसाही वाढतो. त्या आठवड्याआधी पाण्याची उंची नव्याने मोजून मात्रा पुन्हा काढा.

---

बदलांची नोंद
8 जून: पहिला मजकूर.
11 जून: लिटरचं सूत्र, उदाहरण आणि तक्त्यातले आठही आकडे दुरुस्त. जुन्या मजकुराचे फोटो पुढे पाठवले असतील तर त्याच माणसांना हा मजकूर पाठवा.