बाबा, फोनवरच्या जपानी सेटिंग्जचं मराठी

बाबा, तुम्ही पाठवलेल्या दोन्ही स्क्रीनशॉटमधल्या ओळींचा अर्थ खाली दिलाय. आपल्याला फोनची भाषा मराठी करायची आहे. त्यासाठी पहिल्या चित्रात एक ओळ आणि दुसऱ्या चित्रात एक ओळ दाबायची आहे, बाकीच्या ओळी वाचून सोडून द्या. ओळी मोजत बसू नका, कारण अक्षरं मोठी ठेवली असतील तर कमी ओळी दिसतात आणि मोजणी चुकते. अक्षरं दिसतात कशी ते बघा.

पहिलं चित्र, म्हणजे सेटिंग्जच्या यादीचा तळ. वरून खाली:

位置情報 – तुम्ही कुठे आहात ते ठिकाण
緊急情報と緊急通報 – आणीबाणीची माहिती आणि आणीबाणीचे कॉल. हात लावू नका, चुकून कॉल लागायला नको.
パスワードとアカウント – पासवर्ड आणि खाती
Digital Wellbeing と保護者による使用制限 – फोन किती वेळ वापरला त्याचा हिशेब, मुलांसाठीची बंधनं
Google – गूगल
システム – सिस्टीम. हीच दाबा.
デバイス情報 – या फोनची माहिती
ヒントとサポート – मदत

システム या शब्दात चार अक्षरं आहेत. पहिलं シ नीट बघा: डावीकडे दोन छोट्या रेघा आणि खालून वर गेलेली एक लांब रेघ, हसऱ्या चेहऱ्यासारखं दिसतं. खात्री करायची असेल तर त्याच्याच खालची बारीक ओळ बघा, तिचा पहिला शब्द 言語 आहे. 言語 म्हणजे भाषा, हा शब्द लक्षात ठेवा. यातली दोन्ही अक्षरं एकाच आकाराने सुरू होतात: एकाखाली एक आडव्या रेघा आणि तळाला चौकोनी डबी. पहिल्या अक्षरात एवढंच आहे, दुसऱ्यात त्याच्या उजवीकडे आणखी काहीतरी जोडलंय.

दुसरं चित्र, म्हणजे सिस्टीमच्या आतलं पान:

言語 – भाषा. ही दाबा, सगळ्यात वर आहे.
キーボード – कीबोर्ड
ジェスチャー – बोटांच्या खुणा
日付と時刻 – तारीख आणि वेळ
バックアップ – बॅकअप
システム アップデート – सिस्टीम अपडेट. ही पण シ नेच सुरू होते, फसू नका.
リセット オプション – रीसेट. ही उघडू नका.

रीसेटची ओळ दोन उभ्या रेघांनी सुरू होते, जवळजवळ आपल्या ॥ सारखी. तिच्या आत फोनमधलं सगळं पुसून टाकायचा पर्याय असतो. चुकून उघडलीत तरी घाबरू नका. नुसती उघडल्याने काहीच पुसलं जात नाही, पुसण्याआधी फोन पुन्हा विचारतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण दाबून मागे या.

भाषेच्या पानावर 日本語 (जपानी) दिसेल आणि तिच्या खाली अधिकचं चिन्ह असलेली ओळ: ＋ 言語を追加, म्हणजे भाषा जोडा. ती दाबली की लांबलचक यादी येते. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, म्हणून जपानी वाचता येत नसलं तरी अडत नाही. बोटाने यादी वर सरकवत राहा. नेपाली, मराठी, हिन्दी ही देवनागरीतली नावं जवळजवळ येतात, तिथे हळू व्हा आणि ‘मराठी’ दाबा. त्यानंतर देश विचारला तर ‘भारत’. शोधायच्या भिंगाच्या नादी लागू नका, कीबोर्ड जपानी असेल तर तुम्ही टाइप कराल ते जपानीतच उमटेल.

यानंतर दोनपैकी एक होईल. फोन एक छोटी चौकट दाखवून भाषा बदलू का असं विचारेल. त्यात 変更 म्हणजे बदला, ते दाबा. キャンセル म्हणजे रद्द. चौकट आलीच नाही, तर मराठी ही जपानीच्या खाली दुसऱ्या क्रमांकाला जाऊन बसते आणि फोन जपानीतच राहतो. बहुतेक लोक इथेच अडकतात: भाषा जोडली तरी फोन यादीतली पहिली भाषा वापरतो. मराठीच्या ओळीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांची खूण आहे. तिच्यावर बोट दाबून ठेवा, न उचलता वर ओढा आणि मराठी जपानीच्या वर गेली की सोडा. बोट लवकर उचललं तर ओळ परत खाली जाते, पुन्हा करा. जपानी काढून टाकायची गरज नाही, राहू द्या खाली.

पडदा क्षणभर लुकलुकेल आणि सगळं मराठीत येईल. फोन बंद-चालू करावा लागत नाही. काही ॲप मात्र जपानीतच राहतील, कारण त्यांना मराठी येतच नाही. ते तुमचं काही चुकल्यामुळे नाही.

मधे कुठे वेगळंच पान आलं तर पुढे काही दाबू नका. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठवा, त्याचंही असंच मराठी करून देतो.