एफबीडी: टेबलावरच्या पुस्तकापासून उतारावरच्या ठोकळ्यापर्यंत

अभियांत्रिकी यांत्रिकी, पहिलं वर्ष. ट्युटोरियल पत्रक 3

सगळ्या गणितांत g = 9.81 m/s² घ्या. N हे अक्षर इथे फक्त अभिलंब बलासाठी वापरलं आहे. एकक लिहिताना पूर्ण ‘न्यूटन’ लिहिलंय, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही.

आधी थोडं

फ्री बॉडी डायग्राममध्ये वस्तू एकच असते. टेबल, दोरी, जमीन, हात हे सगळं पुसून टाकायचं आणि त्यांच्या जागी त्यांनी वस्तूवर लावलेली बलं बाणांनी दाखवायची. वस्तूने इतरांवर लावलेली बलं या आकृतीत येत नाहीत. ती त्या इतरांच्या आकृतीत जातात.

काम सुरू करताना वस्तूभोवती पेन्सिलीने एक बंद रेषा फिरवा. ती रेषा जिथे जिथे दुसऱ्या वस्तूच्या संपर्कातून जाते तिथे बल असू शकतं. संपर्काशिवाय लागणारं बल या पत्रकात एकच आहे, गुरुत्वाकर्षणाचं. म्हणून संपर्क मोजा, वजन जोडा, यादी संपली.

मग प्रत्येक बाणाला विचारा: हे बल कोणी लावलं? उत्तरात एखाद्या वस्तूचं नाव आलंच पाहिजे: पृथ्वीने, टेबलाने, दोरीने. ‘वेगाने’ किंवा ‘जडत्वाने’ असं उत्तर आलं तर तो बाण खोडा. ma सुद्धा बल नाही. ते समीकरणाच्या उजव्या बाजूला बसतं, आकृतीत नाही. त्वरण दाखवायचंच असेल तर आकृतीपासून जरा लांब, तुटक बाणाने दाखवा.

गणित 1. टेबलावर पुस्तक

2 किलोचं पुस्तक आडव्या टेबलावर स्थिर आहे. N काढा.

संपर्क एकच, टेबलाशी. म्हणजे बाण दोन: पृथ्वीने खाली ओढलेलं वजन W आणि टेबलाने वर ढकललेलं N.

W = mg = 2 × 9.81 = 19.62 न्यूटन
ΣFy = 0: N − W = 0, म्हणून N = 19.62 न्यूटन

आता जरा थांबा, कारण इथेच घातलेला घोळ सेमिस्टर संपेपर्यंत पुरतो. ‘N आणि W समान आणि विरुद्ध आहेत, म्हणून ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी’ असं उत्तरपत्रिकांत सर्रास येतं. ते चूक आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली ढकलतं ते बल. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं ते. N आणि W दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. ती समान निघाली ती पुस्तकाचं त्वरण शून्य आहे म्हणून, म्हणजे दुसऱ्या नियमाने.

याचा पुरावा लगेच मिळतो. त्याच पुस्तकावर हाताने 10 न्यूटनने खाली दाबा. बाण तीन झाले, N − 19.62 − 10 = 0, आणि N = 29.62 न्यूटन. दाबण्याऐवजी दोऱ्याने 5 न्यूटनने वर ओढा, पुस्तक उचललं जात नाही, तरी N = 14.62 न्यूटन. वजन तिन्ही वेळा तेच, N तिन्ही वेळा वेगळं. N हे अज्ञात असतं, ते समीकरणातून काढायचं असतं. N = mg हे सूत्र म्हणून पाठ केलं असेल तर आजच विसरा.

गणित 2. पुस्तकावर पुस्तक

टेबलावर 2 किलोचं पुस्तक B, त्याच्यावर 1 किलोचं पुस्तक A. दोन्ही स्थिर. टेबलाचं B वरचं बल काढा.

इथे आकृत्या दोन लागतात, वेगवेगळ्या.

A ची आकृती: वजन 9.81 खाली, B ने वर ढकललेलं N₁. म्हणून N₁ = 9.81 न्यूटन.

B ची आकृती: स्वतःचं वजन 19.62 खाली, A ने खाली ढकललेलं N₁, टेबलाने वर ढकललेलं N₂.
N₂ = 19.62 + 9.81 = 29.43 न्यूटन

B वरच्या त्या दुसऱ्या बाणाला ‘A चं वजन’ असं नाव देऊ नका. A चं वजन पृथ्वीने A वर लावलेलं आहे, B ला त्याचा पत्ताच नाही. B ला लागतो तो A चा दाब. इथे आकडा तोच येतो म्हणून चूक लपते. हीच दोन पुस्तकं लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट 2 m/s² त्वरणाने वर जाऊ द्या: N₁ − 9.81 = 1 × 2, म्हणजे N₁ = 11.81 न्यूटन. A चं वजन मात्र अजून 9.81 च.

गणित 3. दोरीने ओढलेली पेटी

20 किलोची पेटी आडव्या जमिनीवर स्थिर आहे. क्षितिजाशी वरच्या दिशेने 30° कोनात दोरी बांधून 80 न्यूटन ताणाने उजवीकडे ओढली. स्थितिक घर्षणांक 0.4, गतिक घर्षणांक 0.3. पेटी हलेल का?

संपर्क दोन, दोरी आणि जमीन. पण जमीन दोन बलं देते: पृष्ठभागाला लंब N आणि पृष्ठभागाला समांतर घर्षण f. वजन धरून चार बाण. पेटी उजवीकडे सरकू पाहते, म्हणून f डावीकडे.

उभ्या दिशेत: N + 80 sin 30° − 196.2 = 0, N = 156.2 न्यूटन
आडव्या दिशेत दोरीची ओढ: 80 cos 30° = 69.28 न्यूटन
स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा: 0.4 × 156.2 = 62.48 न्यूटन

69.28 हे 62.48 पेक्षा जास्त, म्हणून पेटी हलते. हलल्यावर f = 0.3 × 156.2 = 46.86 न्यूटन, आणि

a = (69.28 − 46.86) / 20 = 1.12 m/s²

आता दोरी सोडा. मागून काठीने, त्याच 30° कोनात पण खालच्या दिशेने, तेवढ्याच 80 न्यूटनने ढकला. आडवा घटक तोच, 69.28. पण उभा घटक आता जमिनीकडे जातो: N = 196.2 + 40 = 236.2 न्यूटन, आणि मर्यादा 94.48 न्यूटन. पेटी जागची हलत नाही.

मग या वेळी घर्षण किती? वर्गात अर्ध्या वह्यांत 94.48 लिहिलेलं सापडेल. उत्तर 69.28 न्यूटन. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं. μN ही त्याची कमाल मर्यादा आहे, मूल्य नाही. खरोखर 94.48 लागलं असतं तर स्थिर पेटी ढकलणाऱ्याच्या दिशेने मागे सरकली असती.

गणित 4. उतार

10 किलोचा ठोकळा 30° उताराच्या पृष्ठभागावर ठेवला आहे.

आकृतीत वजन सरळ खाली, पृथ्वीच्या दिशेने. N पृष्ठभागाला लंब, म्हणजे उभ्या रेषेपासून 30° कललेलं. घर्षण असलं तर उताराला समांतर. अक्ष मात्र फिरवून घ्या: x उताराच्या बाजूने, y उताराला लंब. आडवे-उभे अक्ष घेतले तरी उत्तर तेच येतं, पण N, f आणि a या तिन्हींचे घटक करावे लागतात. अक्ष कलते घेतले की फक्त वजनाचे घटक करायचे.

W = 98.1 न्यूटन
उताराच्या बाजूने, खाली: 98.1 sin 30° = 49.05 न्यूटन
उताराला लंब: 98.1 cos 30° = 84.96 न्यूटन

sin कुठे आणि cos कुठे याचा गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघा. उतार सपाट झाल्यावर ठोकळा घसरता कामा नये, म्हणून बाजूचा घटक शून्य व्हायला हवा, म्हणजे तो sin चा. आणखी एक: घटक काढले की मूळ W चा बाण खोडा, किंवा घटक तुटक रेषेत दाखवा. W आणि त्याचे घटक तिन्ही ठळक राहिले तर वजन दोनदा मोजलं जातं. ‘घसरवणारं बल’ असा वेगळा चौथा बाणही नको, तो वजनाचाच घटक आहे.

लंब दिशेत त्वरण नाही, म्हणून N = 84.96 न्यूटन.

(अ) पृष्ठभाग गुळगुळीत: a = 49.05 / 10 = 4.905 m/s², उताराने खाली.

(आ) स्थितिक घर्षणांक 0.6: मर्यादा 50.97 न्यूटन, गरज 49.05 ची. ठोकळा थांबून राहतो आणि f = 49.05 न्यूटन, उताराने वर. पडताळा: tan 30° = 0.577, घर्षणांक त्याहून जास्त आहे. वस्तुमान यात येतच नाही.

(इ) स्थितिक 0.4, गतिक 0.3: मर्यादा 33.98, अपुरी. ठोकळा घसरतो, f = 25.49 न्यूटन, a = (49.05 − 25.49) / 10 = 2.36 m/s².

(ई) स्थितिक 0.6 च, पण उताराला समांतर दोरीने वर ओढतो आहोत. सरकण्याच्या बेतात येण्यासाठी किती ताण? ठोकळा आता वर जाऊ पाहतो, म्हणून घर्षणाचा बाण उलटून खाली येतो: T = 49.05 + 50.97 = 100.02 न्यूटन. (आ) ची आकृती तशीच उतरवून त्यात फक्त T घातला तर उत्तर चुकणार. बल बदललं की आकृती नव्याने काढा.

तुम्ही सोडवा

1. (इ) मधलाच ठोकळा, स्थितिक घर्षणांक 0.4. दोरी नाही, आडव्या बलाने P उताराकडे दाबायचं. ठोकळा वर सरकण्याच्या बेतात असताना P किती? (सूचना: P चा एक घटक पृष्ठभागात शिरतो, म्हणून N आता 84.96 नाही.)

2. (अ) मधल्या गुळगुळीत उतारावरच्या ठोकळ्याला दोरी बांधून ती माथ्यावरच्या हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून नेली आहे. दुसऱ्या टोकाला 6 किलोचं वजन लटकतं आहे. त्वरण आणि ताण काढा. दोन वस्तू, दोन आकृत्या.

3. वरच्याच गणितात ताण 58.86 न्यूटन का येत नाही, ते लटकत्या वजनाच्या आकृतीवरून दोन ओळींत लिहा.

उत्तरं: 1) 124.7 न्यूटन. 2) 0.613 m/s², ठोकळा वर, ताण 55.18 न्यूटन. आकृती नसलेल्या उत्तराला गुण नाहीत, आकडा बरोबर असला तरी.