फोर ऑफ कप्स : नाकारलेल्या प्रस्तावाकडे पुन्हा वळावे का?

फेब्रुवारीत नाकारलेल्या भागीदारीकडे पुन्हा वळावे का, असे आपण विचारले आहे. त्यानंतर नोकरीचे तीन प्रस्ताव आले, तिन्ही चांगले होते, तरी त्यांपैकी एकही पत्र शेवटपर्यंत वाचता आले नाही, असेही आपण लिहिले आहे. या प्रश्नासाठी मी टॅरोचा एकच पत्ता काढला. तो फोर ऑफ कप्स निघाला, आणि सरळ निघाला.

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी या पत्त्यावर झाडाच्या बुंध्याशी हाताची घडी घालून बसलेला एक तरुण रेखाटला आहे. त्याच्यासमोर गवतावर तीन पेले आहेत आणि ढगातून बाहेर आलेला एक हात चौथा पेला पुढे करतो आहे. तरुणाची मान खाली आहे. पुष्कळ जण या पत्त्याचा अर्थ ‘संधी हुकली’ असा लावतात. मला तो घाईचा वाटतो, कारण चित्रातला हात अजून मागे गेलेला नाही. या संचाची कल्पना मांडणारे आर्थर वेट यांनी याचे अर्थ शीण, तिटकारा आणि मनाने रचलेले त्रास असे दिले आहेत, म्हणजे दोष पेल्यांत असेलच असे नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो : फेब्रुवारीत आपण तो प्रस्ताव पाहून नाकारला, की मान खाली ठेवूनच? भागीदारीतली जोखीम, भांडवल आणि कामाची वाटणी यांचा विचार करून नकार दिला असेल, तर तो पेला गवतावरच्या तिघांच्या जोडीचा आहे. नव्यांचा कंटाळा आला एवढ्यावरून जुना चविष्ट होत नाही. मात्र ‘सध्या नको’ एवढेच म्हणून आपण विषय मिटवला असेल, तर तो चौथा पेला आहे आणि त्याच्याकडे अजून कोणी पाहिलेलेच नाही. आपल्या पत्रात नकाराचे कारण कोठेही नाही, यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

स्पष्टीकरणासाठी आणखी एक पत्ता काढता आला असता. मी तो मुद्दाम काढला नाही, कारण आधीच प्रस्तावांनी कंटाळलेल्या माणसापुढे आणखी एक प्रस्ताव ठेवल्यासारखे झाले असते.

तेव्हा होकार देण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी वळावे, असे माझे वाचन आहे. प्रस्ताव अजून खुला आहे का आणि आज त्याच्या अटी काय आहेत, एवढेच त्या व्यक्तीला विचारावे. भागीदाराची जागा भरली गेली असण्याचीही शक्यता आहे. तसे असल्यास ते मान्य करावे. उत्तर आले की ते एका बैठकीत पूर्ण वाचावे, आणि वाचताना त्या तीन पत्रांच्या वेळी आला तोच कंटाळा येतो का, याकडे लक्ष ठेवावे. तो आला, तर कोणत्याही प्रस्तावाला उत्तर देण्यापूर्वी काही आठवडे पूर्ण विश्रांती घ्यावी.