जमीन तापण्यापासून पसरणीच्या ढगापर्यंत: दाब, वारे आणि मान्सूनची कारण-परिणाम साखळी

(अकरावी भूगोल, वाई. शनिवारच्या फेरचाचणीसाठी)

मुलांनो, मागच्या चाचणीत निम्म्याहून अधिक जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘उन्हाळ्यात जमीन तापते, म्हणून पाऊस येतो.’ वाक्य खोटं नाही, पण मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या आहेत. पुस्तकात दाबपट्टे, ग्रहीय वारे आणि मान्सून हे तीन वेगवेगळे भाग आहेत, त्यामुळे ते तीन वेगळे विषय वाटतात. मी धड्याचा क्रम मोडून सगळं एका दोरीत ओवलं आहे.

खुणा तीनच आहेत.
→ म्हणून (डावीकडचं झालं म्हणून उजवीकडचं होतं)
＋ जोर (आधीच चालू असलेल्याला बळ मिळतं)
－ आवर (चालू असलेलं अडतं किंवा मंदावतं)

‘नंतर’साठी खूण मुद्दाम ठेवलेली नाही. मे नंतर जून येतो, पण मे हे जूनचं कारण नव्हे. बाण काढण्याआधी दर वेळी ‘का?’ विचारा.

दाब-1. विषुववृत्तावर किरण जवळजवळ लंबरूप → हवा तापते, प्रसरण पावते, वर चढते → जमिनीलगत कमी दाबाचा पट्टा.

दाब-2. वर गेलेली हवा ध्रुवांकडे सरकते → थंड होते, परिवलनामुळे वळते, साठते → 25 ते 35 अक्षांशांदरम्यान खाली उतरते → जास्त दाबाचे पट्टे. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते → ढग विरतात → सहारा, कलहारी.

वारा-1. दोन ठिकाणच्या दाबात फरक → हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. समदाब रेषा जितक्या जवळ, तितका वारा जोरात.

वारा-2. पृथ्वीचं परिवलन → वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य. परिवलन वारा निर्माण करत नाही, वाहत्या वाऱ्याची फक्त दिशा बदलतं. बऱ्याच वह्यांत इथे उलटा बाण होता.

वारा-3. दाब-2 आणि वारा-2 एकत्र → उत्तरेत ईशान्य व्यापारी वारे, दक्षिणेत आग्नेय व्यापारी वारे → दोन्ही जिथे भेटतात तो आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा.

इथपर्यंत सगळं जगाचं. आता भारत.

मान्सून-1. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला 4.18 जूल लागतात, कोरड्या मातीला त्याच्या साधारण पाचवा भाग पुरतो. शिवाय समुद्रात ऊन खोलवर मुरतं आणि लाटा पाणी ढवळतात → जमीन लवकर तापते, समुद्र मागे राहतो → मे महिन्यात राजस्थान आणि पाकिस्तानच्या पट्ट्यावर खोल कमी दाब. एडमंड हॅलीने 1686 मध्ये मान्सूनचं कारण इथेच थांबवलं होतं. तुमचं वाक्यही तिथेच थांबतं.

मान्सून-2. सूर्य उत्तरेकडे सरकतो → त्याच्या मागे वारा-3 मधला अभिसरण पट्टाही सरकतो → जुलैत तो 20 ते 25 उत्तर अक्षांशांवर, गंगेच्या मैदानावर येतो. यालाच मान्सूनचा आस म्हणतात.

मान्सून-3. ही कडी सर्वांत महत्त्वाची. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा → मादागास्करच्या पूर्वेला, 30 दक्षिण अक्षांशाच्या आसपास मस्कारेन जास्त दाब प्रबळ → तिथून आग्नेय व्यापारी वारे उत्तरेकडे निघतात. अभिसरण पट्टा आता भारतावर आहे → वाऱ्यांना विषुववृत्त ओलांडावंच लागतं → ओलांडल्यावर वारा-2 प्रमाणे ते उजवीकडे वळतात → नैऋत्य मान्सून वारे. म्हणजे आग्नेय व्यापारी वारा आणि नैऋत्य मोसमी वारा हे दोन वारे नाहीत. एकच वारा गोलार्ध बदलतो आणि दिशा बदलतो. नकाशावर पेन्सिल न उचलता ही रेघ एकदा ओढून बघा, पाठ करावी लागणार नाही.

मान्सून-4. पूर्व आफ्रिकेचा उंच प्रदेश या वाऱ्याला पश्चिमेकडे पसरू देत नाही ＋ साधारण दीड किलोमीटर उंचीवर सोमाली झोत → अरबी समुद्रावरून बाष्प उचलत थेट आपल्या किनाऱ्याकडे.

मान्सून-5. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर → तिथली तापलेली जमीन वातावरणाचा मधला थरच तापवते → वरच्या थरात जास्त दाब → त्याच्या दक्षिणेला पूर्वेकडून वाहणारा झोतवारा ＋ भारतावरची हवा वर खेचली जाते. हा पूर्वेचा झोत 1950 च्या दशकात पी. कोटेश्वरम यांनी अभ्यासला. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेने वाहणारा पश्चिमी झोत － असतो, तो जूनच्या सुमारास उत्तरेला सरकतो आणि आवर सुटतो.

परिणाम: सरासरीने केरळात 1 जून, मुंबईत 11 जून, सगळा देश 8 जुलैपर्यंत.

पाऊस-1. बाष्पभरला वारा सह्याद्रीला अडतो → वर चढावं लागतं → दर किलोमीटरला सुमारे 10 अंश थंड होतो → संपृक्त झाला की ढग → पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. पलीकडे उतरताना हवा तापते → ढग विरतात → माण-खटावला सुमारे पाचशे. जुलैत कॉलेजच्या गच्चीवरून पश्चिमेला बघा: पसरणी घाटाच्या माथ्यावर पांढरा ढग ओठंगून बसलेला दिसतो, अंगणात मात्र नुसती भुरभुर. त्या ढगाची खालची कड तुटक होत जाते, तिथे हवा उतरायला लागलेली असते.

फेरा-1. मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता, आणि वर्षभरात मला आलेला तो सर्वांत चांगला प्रश्न आहे: ‘पावसाने जमीन गार झाली, मग मान्सून बंद का पडत नाही?’ फक्त मान्सून-1 खरं मानलं, तर तो बंद पडायलाच हवा, कारण उत्तर भारत मे-जूनमध्ये सर्वांत तापतो आणि पाऊस जोर धरतो जुलै-ऑगस्टमध्ये. उत्तर बाष्पात आहे. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे 2,500 जूल उष्णता सुटते → ढगातली हवा तापते → आणखी वर चढते → खालचा दाब कमीच राहतो → समुद्रावरून आणखी बाष्प येतं ＋ पुन्हा पाऊस. जमीन फक्त काडी पेटवते. पुढचं सरपण समुद्र पुरवतो. वहीत हा बाण गोल काढा.

आवर-1. मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो － मैदानात आणि महाराष्ट्रात खंड, पायथ्याला मात्र जोरदार पाऊस.

आवर-2. एल निनो － मान्सून. हा बाण तुटक रेषेने काढा. 2009 मध्ये एल निनो होता आणि देशात सरासरीच्या 78 टक्केच पाऊस झाला. 1997 मध्ये एल निनो फार तीव्र होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला. तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा उबदार होता, ते ＋ ठरलं असं मानतात.

परत-1. सूर्य दक्षिणेकडे → जमीन निवते → कमी दाब विरतो → 17 सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघार. वारे ईशान्येकडून वाहू लागतात → बंगालच्या उपसागरावर बाष्प मिळतं → तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस.

शनिवारी येताना वहीत एवढंच करून आणा: साखळीतली मान्सून-3 ही कडी कापा आणि पुढची कोणती कडी सुटते, कोणती थोडीफार टिकते, हे बाणांसह दाखवा. पाऊस-1 वर तुमचं काय म्हणणं येतं, ते मी आधी वाचणार आहे.