प्रकरण अहवाल: फिरत्या पाळीतील कामगाराला येणारे भीतीचे झटके आणि वडिलांचा अकाली मृत्यू

समुपदेशन मानसशास्त्र, प्रात्यक्षिक घटक. सत्रे: ८, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटे. स्थळ: पुण्यातील एक समुपदेशन केंद्र. सर्व सत्रे पर्यवेक्षकांच्या मार्गदर्शनाखाली झाली.

ओळख जपण्याविषयी

अहवालात अशिलाचा उल्लेख ‘श्री. क्ष’ असा आहे. त्यांच्या नावाशी या अक्षराचा संबंध नाही. वय ‘चाळिशीचा मध्य’ इतकेच दिले आहे. मूळ गाव, कंपनी, खाते आणि रुग्णालय वगळले आहे. चाकण, भोसरी किंवा रांजणगाव असा एक पट्टा जरी लिहिला, तरी पाळी आणि प्रसंग यांच्या जोडीने सहकाऱ्यांना माणूस ओळखू येईल, म्हणून ‘पुणे परिसरातील कारखाना’ एवढाच उल्लेख केला आहे. कुटुंबाचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. कोणते ते इथे नोंदवले, तर बदलण्याला अर्थ उरणार नाही. ज्या गोष्टींवर मांडणी उभी आहे, म्हणजे वडिलांच्या मृत्यूची रीत, फिरती पाळी, चहा-तंबाखू आणि लक्षणांचा क्रम, त्यांना हात लावलेला नाही. अशिलाचे शब्द थोडक्यात उद्धृत केले आहेत आणि त्यांतील जिल्हा सांगणारे बोलीशब्द काढले आहेत.

उपचारासाठीची संमती आणि अभ्यासक्रमासाठी लिहिण्याची संमती वेगवेगळ्या कागदांवर, मराठीत घेतली. श्री. क्ष यांनी अहवालाचा कच्चा मसुदा वाचला, एक कौटुंबिक बाब काढायला सांगितली आणि ती काढली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा त्यांचा हक्क आहे, हे पहिल्या सत्रात समजावले. कंपनीला काहीही कळवलेले नाही. ओळख सांगणारी नोंदवही केंद्रात कुलुपात आहे. संगणकावरील फाइलच्या नावात किंवा गुणधर्मांत त्यांचे नाव नाही.

येण्याचे कारण

श्री. क्ष एका कारखान्यात यंत्रचालक आहेत. विवाहित असून घरचे कर्ते आहेत. पाच महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीन वेळा अचानक धडधड, छातीत आवळल्यासारखे, श्वास अपुरा वाटणे, घाम, हाताला मुंग्या आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ ही भीती असा झटका येतो. तो दहा-पंधरा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरतो. नंतर दिवसभर थकवा राहतो. या काळात ते चार वेळा तातडीच्या विभागात गेले. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल चाचणी आणि थायरॉइडची तपासणी सामान्य असल्याचे फिजिशियनचे पत्र त्यांनी आणले. समुपदेशनासाठी त्यांना फिजिशियननीच पाठवले. ‘तुम्हाला काही नाही’ हे वाक्य ऐकून ते दुखावले होते. मला काही होत नाही असे नव्हे, तर मला काय होते ते कोणी सांगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार योग्य होती आणि पुढच्या कामाची सुरुवात तिच्यापासूनच केली.

इतिहास

श्री. क्ष पंधरा वर्षांचे असताना वडील शेतावर कोसळले. आदल्या रात्री त्यांनी छातीत जळजळ होते असे सांगितले होते. घरच्यांनी ते पित्त समजून सोडा दिला. वाहन मिळेपर्यंत उशीर झाला. मुलाने वडिलांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणले होते. त्या दिवसाविषयी पुढे घरात बोलणे झाले नाही. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कामाला लागले आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी घेतली. दोन बहिणींची लग्ने त्यांनीच पार पाडली. आजारी पडणे परवडत नाही, हा घरातला न बोललेला नियम होता.

वडील ज्या वयात गेले, त्याच्या एक-दोन वर्षे अलीकडे श्री. क्ष आता आहेत. हे त्यांनी स्वतःहून सांगितले नाही; चौथ्या सत्रात कुटुंबाचा आराखडा काढताना वडिलांचे वय लिहायची वेळ आली, तेव्हा ते काही क्षण थांबले.

पहिल्या झटक्याच्या तीन आठवडे आधी शॉपफ्लोअरवर एक सहकारी कोसळला. रुग्णवाहिका येईपर्यंत श्री. क्ष त्याच्याजवळ होते. सहकारी वाचला. पहिला झटका रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास आला. त्या रात्री त्यांनी जेवण घेतले नव्हते, पाच कप चहा आणि नेहमीपेक्षा जास्त तंबाखू घेतली होती.

मद्यपान नाही. पूर्वी मानसोपचार घेतलेले नाहीत. आईने मनगटात गंडा बांधला आहे. ‘तिच्या समाधानासाठी’ असे ते म्हणतात. याची लक्षणांत अडचण नाही, त्यामुळे त्यावर वाद घातला नाही.

मानसिक स्थिती आणि मोजणी

नीटनेटका पेहराव, बोलणे संथ आणि सुसंगत, मनोवस्था चिंतित. बोलताना डावा हात वारंवार छातीवर जातो. भ्रम, भास नाहीत. स्थल-काल-व्यक्तीचे भान आणि स्मृती ठीक. आजाराविषयी जाण अंशतः आहे: ‘मनाचं आहे असं डॉक्टर म्हणतात, पण धडधड तर खरी आहे.’

पहिल्या सत्रात चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ वर २१ पैकी १४ (मध्यम), नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी ७ (सौम्य). पीएचक्यू-९ मधील आत्महानीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य. तोंडी विचारल्यावरही मरणाचे विचार नाहीत, उलट मरणाची भीती आहे. या प्रश्नावल्या स्वतः भरायच्या असतात. त्यांनी तीव्रता कळते, निदान ठरत नाही.

निदानाविषयी विचार

अनपेक्षित, पुनःपुन्हा येणारे झटके, चारपेक्षा जास्त लक्षणे आणि महिन्याहून अधिक काळ पुढच्या झटक्याची काळजी, ही लक्षणे पॅनिक डिसऑर्डरशी जुळतात. अंतिम निदान मानसोपचारतज्ज्ञांवर सोडले आहे. आजाराची चिंता हा पर्याय तपासला, पण श्री. क्ष यांना सततच्या आजारापेक्षा त्या दहा मिनिटांतल्या मरणाची भीती आहे. दीर्घकालीन शोकविकाराचाही विचार केला. वडिलांची ओढ किंवा मृत्यू नाकारणे हे दैनंदिन जगण्यात दिसत नाही. चहा आणि निकोटीन धडधड वाढवतात, पण त्यांचे प्रमाण कमी असलेल्या सुट्टीच्या दिवशीही झटके आले, म्हणून ते एकटे कारण मानलेले नाही.

मांडणी

वडिलांच्या मृत्यूतून श्री. क्ष दोन गोष्टी शिकले, असे या अहवालाचे प्रतिपादन आहे. छातीतली लहान खूण दुर्लक्षिली, तर माणूस जातो, ही पहिली. आणि ती खूण ओळखण्याची जबाबदारी माझी आहे, ही दुसरी. पंधराव्या वर्षी हा धडा चुकीचा नव्हता. घरात खरोखर तसेच घडले होते. पुढची तीस वर्षे कामाच्या रगाड्यात तो झाकलेला राहिला, कारण शरीराकडे बघायला फुरसत नव्हती.

सहकारी कोसळला तेव्हा तो धडा जागा झाला. वडिलांच्या वयाजवळ येणे ही त्याला आधीच अनुकूल जमीन होती. मग रात्रपाळी, उपाशी पोट, चहा आणि तंबाखू यांनी धडधड निर्माण केली. धडधड साधी होती; तिला ‘बाबांसारखंच होणार’ असा अर्थ लागला. भीतीने श्वास जलद झाला, जलद श्वासाने हाताला मुंग्या आल्या, मुंग्या हा हृदयविकाराच्या झटक्याचा पुरावा ठरला आणि भीती आणखी वाढली. मानसशास्त्रज्ञ क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेले हेच चक्र: शरीरातल्या संवेदनेचा आपत्तिजनक अर्थ.

चक्र टिकवणाऱ्या गोष्टींकडे इथे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण उपचार त्यांच्यावरच चालतो. श्री. क्ष दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऑक्सिमीटर लावतात. पत्नी रात्री छातीवर हात ठेवून ठोके पाहते; हे प्रेमापोटी, पण त्यातून ‘लक्ष ठेवलं म्हणून वाचलो’ असा निष्कर्ष निघतो. यूट्यूबवर पाहिलेला अनुलोम-विलोम ते फक्त धडधड सुरू झाल्यावर करतात, त्यामुळे तोही बचावाचा मार्ग झाला. सगळ्यांत घातक म्हणजे शेजाऱ्याने दिलेली, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही. त्यांनी ती दोनदा घेतली आणि डोके ठणकले, धडधड वाढली. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या या औषधाने डोकेदुखी होते आणि रक्तदाब उतरल्यावर ठोके वाढू शकतात. त्यांनी मात्र त्यालाही हृदयविकाराचे चिन्ह मानले. ही गोळी त्याच आठवड्यात फिजिशियनच्या कानावर घातली आणि त्यांच्या सल्ल्याने बंद झाली.

जमेच्या बाजू मोठ्या आहेत: नोकरीतील सातत्य, साथ देणारी पत्नी, नोंदी नेमाने ठेवण्याची सवय आणि समजून घेण्याची इच्छा.

ही मांडणी चुकीची ठरू शकेल अशी कसोटीही ठेवली. मूळ कारण हृदयातच असते, तर श्रम करताना त्रास वाढायला हवा. श्री. क्ष यांनी ठेवलेल्या झटक्यांच्या नोंदवहीत मात्र तीन जिने चढताना एकही झटका नाही. बहुतेक झटके बसलेले किंवा पडलेले असताना, शांत वेळी आहेत. मांडणीला यातून आधार मिळतो, पण हृदयाचा धोका यामुळे शून्य होत नाही. वडिलांचे कमी वयातील हृदयविकाराने जाणे आणि तंबाखू हे दोन्ही खरे जोखीमघटक आहेत. ‘तुमची भीती खोटी आहे’ असे म्हणणे इथे चूक ठरेल. नियोजित वार्षिक तपासणी हवी. भीती वाटली की धावत जाऊन केलेली तपासणी नको.

उपचार आणि बदल

दुसऱ्या सत्रात चक्र त्यांच्याच शब्दांत कागदावर काढले. पाचव्या सत्रात, फिजिशियनच्या लेखी परवानगीने, खुर्चीत बसून दीड मिनिट जलद श्वास घेण्याचा प्रयोग केला. मुंग्या आणि आवळणे तसेच आले. ‘हे तर तेच’ एवढेच ते म्हणाले आणि नंतर बराच वेळ त्यावर बोलले. ऑक्सिमीटर दर आठवड्याला निम्म्यावर आणत सातव्या सत्रात कपाटात गेला. अनुलोम-विलोम सकाळच्या ठरावीक वेळेला हलवला, झटक्यात करायचा नाही असे ठरले. पत्नी सहाव्या सत्राला, त्यांच्या संमतीने, आल्या. त्यांनी रात्री ठोके पाहण्याऐवजी ‘उद्या बोलू’ एवढेच म्हणायचे ठरले. रात्रपाळीत चहा दोन कपांवर आला, जेवण बारापूर्वी. तंबाखू कमी झाली आहे, सुटलेली नाही.

आठव्या सत्रात जीएडी-७ वर ८, पीएचक्यू-९ वर ५. आधीच्या दोन आठवड्यांत एक झटका आला आणि त्यासाठी ते रुग्णालयात गेले नाहीत.

मर्यादा आणि पुढचे काम

माहिती मुख्यतः श्री. क्ष आणि पत्नी यांच्याकडून आहे. वडिलांचा वैद्यकीय कागद उपलब्ध नाही, म्हणून ‘हृदयविकाराने मृत्यू’ हे कुटुंबाचे सांगणे आहे. सत्रे चालू असतानाच पाळीही बदलून दिवसाची झाली होती, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय सत्रांना देता येत नाही. पुन्हा रात्रपाळी लागेल तेव्हाच खरी परीक्षा होईल. त्या आठवड्याच्या आधी एक आणि नंतर एक सत्र ठरवले आहे. तंबाखूसाठी स्वतंत्र मदत सुचवली आहे. आडवेळी आधार हवा असल्यास टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे. छातीतले दुखणे श्रमाने वाढले, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकले किंवा शुद्ध हरपली, तर नोंदवही बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जायचे, हे श्री. क्ष आणि पत्नी दोघांनाही लिहून दिले आहे.